चूक रात्री आठला झाली नव्हती

पत्र

ताई, आमच्या मुलाला टाइप वन डायबिटीस होऊन येत्या महिन्यात वर्ष होईल. निदान झालं तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. आमच्या पालकांच्या गटाने मला पहिल्या वर्षाबद्दल पंधरा मिनिटं बोलायला सांगितलंय. पहिले सहा महिने फार छान गेले. इन्सुलिन अगदी थोडं लागायचं, तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी सांगणारा एचबीएवनसी ६.३ आला होता. सातव्या महिन्यात त्याला ताप आणि उलट्या झाल्या. पोटात काहीच नाही, शुगर लो जाईल, या भीतीने मी रात्री आठचं लॉन्ग ॲक्टिंग इन्सुलिन दिलं नाही. पहाटे आयसीयू. तेव्हापासून युनिट वाढतच गेली आणि आता एचबीएवनसी ८ आहे. माझ्या एका चुकीने सगळं बिघडलं असं वाटतं. बायको म्हणते, हेच सांगा. संयोजक म्हणतात, नवे पालक घाबरतील, आशादायक बोला. मला त्या रात्रीबद्दल बोलताना हुंदका येतो आणि मुलगा समोरच बसलेला असेल. ती रात्र गाळू का? त्या महिन्याची वहीची पानं सोबत पाठवतोय.

– एक बाबा

उत्तर

दादा, पत्र वाचून झालं तेव्हाच माझं उत्तर ठरलं होतं: गाळू नका. मग वहीची पानं वाचली. उत्तर तेच राहिलं, पण ज्या गोष्टीसाठी तुम्ही स्वतःला बोल लावताय ती गोष्ट मला त्या पानांत सापडली नाही. दुसरी सापडली.

तुमचा जीव रात्री आठ वाजता अडकलाय. वहीत मात्र भानगड दुपारी दोनलाच सुरू झालेली दिसते. शुक्रवारचं पान पुन्हा उघडा. सकाळी आठला १४२, ताप १०१, अर्धा कप दूध, एक युनिट. दुपारी दोनला १७६ आणि पुढे तुमच्या बारीक अक्षरात, "एक उलटी, जेवला नाही, झोपलाय." जेवणाचं इन्सुलिन तेव्हा दिलं नाहीत ते बरोबरच केलंत; जे खाल्लंच नाही त्याचं इन्सुलिन कसलं. आठला १८८, "४ युनिट आज नको." साडेअकराला २३४, "अजून दोन उलट्या, सकाळी बघू." पहाटे ३.४० ला ३४१, आणि तिथे अक्षर बदलतं, बहुधा वहिनींचं आहे: "श्वास जोरात चाललाय. तोंडाला कुजक्या फळासारखा वास." खाली हॉस्पिटलची चिठ्ठी चिकटवलीये, त्यावर रक्तातले कीटोन, म्हणजे इन्सुलिन कमी पडून चरबी वितळली की तयार होणारी आम्लं, ४.६.

त्या पानावर एक रकाना सकाळपासून रिकामा आहे. कीटोनचा. स्ट्रिपांची डबी कपाटात होती, निदानाच्या वेळी उघडलेली आणि नंतर कधी हात न लावलेली, हे तुम्हीच समासात नंतर लिहून ठेवलंय.

टाइप वनच्या घरात उलटी झाली की "पोट बिघडलं का" हा दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न, "कीटोन आहेत का?" पोट बिघडून उलटी होते तशीच कीटोन वाढूनही होते, आणि बघणाऱ्याला दोन्ही सारख्याच दिसतात. सांगू शकते ती फक्त स्ट्रिप.

आता यातली खरी मेख. तुम्ही गुरुवारी रात्री आठला लॉन्ग ॲक्टिंग दिलं होतं, वहीत टिकमार्क आहे. ते साधारण दिवसभर पुरतं. म्हणजे शुक्रवारी दुपारी पहिली उलटी झाली तेव्हा ते त्याच्या अंगात होतंच. तरीही शुगर चढत होती, पोटात अन्नाचा कण नसताना. नुसत्या अर्ध्या कप दुधावर १४२ चे १८८ कुठून झाले? यकृतातून. ताप आला की शरीर तापाशी लढायला जी संप्रेरकं सोडतं ती इन्सुलिनच्या विरुद्ध काम करतात, यकृताला साखर सोडायला लावतात, चरबी वितळवायला लावतात. एरवी पुरणारी ४ युनिट त्या दिवशी दुपारपासूनच कमी पडत होती. रात्री आठला ती पुन्हा दिली असती तर तब्येत कमी वेगाने बिघडली असती हे खरं, पण नुसती नेहमीची ४ दिल्याने ती पहाट टळलीच असती असं मला ही पानं बघून म्हणवत नाही. दुपारी दोनला कीटोन तपासून डॉक्टरांना फोन गेला असता तर मात्र बहुतेक घरच्या घरी निभावलं असतं. मी डॉक्टर नाही, अठरा वर्षं एका टाइप वन मुलीची आई आहे आणि त्यातली चौदा वर्षं अशा गटांत बसतेय. तेव्हा हीच वही भाषणाच्या आधी तुमच्या डॉक्टरांपुढे ठेवा आणि त्यांच्या तोंडून ऐका.

हे सगळं मी तुमची समजूत घालायला सांगत नाहीये. समजूत घालायची तर दोन ओळीत घातली असती. मुद्दा असा, की तुम्ही मंचावर उभं राहून "मी रात्रीचा डोस चुकवला" एवढंच सांगितलंत तर ऐकणारे आईबाप मनात म्हणतील, आपण तर कधी डोस चुकवत नाही. आणि निवांत होतील. तुमच्याकडे सांगण्यासारखं याहून जास्त आहे.

दुसरी गोष्ट एचबीएवनसीची. तुम्ही ६.३ ला स्वतःचं प्रगतिपुस्तक समजलात, म्हणून ८ आला तेव्हा नापास झाल्यासारखं वाटलं. निदान होतं त्या वेळी स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी बऱ्याचशा गेलेल्या असतात, पण सगळ्या नाही. ज्या उरतात त्या आधीच्या आठवड्यांतल्या प्रचंड शुगरने मरगळून गेलेल्या असतात. बाहेरून इन्सुलिन मिळालं, शुगर खाली आली, की त्यांना उसंत मिळते आणि त्या पुन्हा थोडंफार इन्सुलिन बनवू लागतात. हा हनिमून. काही मुलांत तो काही आठवड्यांचा असतो, काहींत वर्षभर किंवा त्याहूनही पुढे जातो, काहींत येतच नाही. आणि ज्या प्रतिकारशक्तीने आधीच्या पेशी मारल्या ती तेवढा काळ गप्प बसलेली नसते. तिचं काम चालूच असतं.

तुमच्याच आकड्यांत बघा. दुसऱ्या महिन्यात वजन २७ किलो, दिवसाचं एकूण इन्सुलिन ७ युनिट. किलोमागे पाव युनिटच्या जरा वर. हा आकडा अर्ध्याच्या खाली असला आणि शुगर चांगल्या येत असल्या, की आम्ही गटातली माणसं ओळखतो, पोराचं स्वादुपिंड अजून हातभार लावतंय. आज वजन ३० आणि इन्सुलिन २४, म्हणजे किलोमागे ०.८. या वयाच्या, हनिमून सरलेल्या मुलाला साधारण एवढंच लागतं, आणि वयात येताना आणखी लागेल. त्या सहा महिन्यांत शुगर सांभाळणारे दोघं होते, तुम्ही आणि त्याच्या उरलेल्या पेशी. आता तुम्ही एकटे आहात.

आणि हो, हनिमून त्या रात्रीने संपवला नाही. त्याच महिन्याच्या सुरुवातीच्या सकाळच्या शुगर बघा: ९८, १०४, १०१. मग ११८, १२६. ताप यायच्या आदल्या आठवड्यात १३९, १४७. जेवणाचं इन्सुलिनही तोवर ३ वरून ५ वर गेलं होतं. हनिमून उतरणीला लागलेलाच होता, तापाने शेवटचा धक्का दिला. असंच होतं पुष्कळ घरांत. सहा महिने ४ युनिटची सवय, त्यातही अधूनमधून ६२, ५८ असे लो बघितलेले, मग मनात पक्कं बसतं की धोका फक्त शुगर लो जाण्याचाच. त्याच भीतीने तुम्ही आठला हात आखडता घेतलात. ही भीती खोटी नव्हती, पण १८८ आणि चढती शुगर असताना ती चुकीच्या वेळी आली.

आता भाषण.

सभागृहात कोण बसलेलं असेल त्याचा विचार करा. निदान होऊन तीन आठवडे झालेले, डोळे सुजलेले. दहा वर्षं झालेले, ज्यांना हे सगळं पाठ आहे आणि जे चहाची वाट बघतायत. आणि मधे कुठेतरी एक आई, जिचं मूल चौथ्या-पाचव्या महिन्यात आहे, ८ युनिटवर छान चाललंय, आणि जिला नातेवाईक विचारतायत, "नक्की टाइप वनच आहे ना?" तुम्ही तिच्याशी बोला. बाकीचे ऐकतीलच.

सुरुवात इतिहासापासून करू नका. १९२२ साली टोरंटोमध्ये लिओनार्ड थॉम्पसन नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाला पहिलं इन्सुलिन टोचलं, ही गोष्ट सुंदर आहे, पण ती मी अशा कार्यक्रमांत इतक्यांदा ऐकलीये की वक्त्याने टोरंटो म्हटलं की मी पाणी प्यायला उठते. लक्षणांची यादीही नको. तहान, लघवी, वजन घटणं, हे समोरच्या प्रत्येकाने घरी बघितलेलं आहे. याचा आणखी एक फायदा होईल, तो मुलाच्या परवानगीच्या मुद्द्यावर सांगते.

थेट शुक्रवारपासून सुरू करा. वही हातात घ्या आणि आकडे वाचा, वेळेसकट, एकही विशेषण न लावता. सकाळी आठ, १४२. दुपारी दोन, १७६. हुंदक्यावरही हाच उपाय आहे. "माझा मुलगा तळमळत होता" म्हणताना आवाज फुटतो, "साडेअकरा, दोनशे चौतीस" म्हणताना सहसा फुटत नाही. आणि ३.४० च्या ओळीपाशी आलात की वही वहिनींकडे द्या. ती ओळ त्यांचीच आहे, त्यांनी वाचावी. तेवढ्यात तुम्ही पाणी प्या.

आकडे वाचून झाल्यावर काय बोलावं, हे मी खाली लिहून देते. यातले शब्द तुमचे करा, पण क्रम मोडू नका:

"मला वाटायचं, माझी चूक रात्री आठला झाली. चूक दुपारी दोनला झाली होती. उलटी झाली आणि मी शुगर तपासली, कीटोन तपासले नाहीत. शुगर १७६ होती, मला ती बरी वाटली. शुगर बरी असताना कीटोन वाढू शकतात हे मला निदानाच्या वेळी सांगितलं होतं. माझ्या वहीच्या पहिल्या पानावर ते माझ्याच अक्षरात आहे. सहा महिने गरज पडली नाही, मी विसरलो.

"इन्सुलिनची दोन कामं असतात. एक, खाल्लेल्या अन्नाची साखर पेशींत पोचवणं. ते जेवलं तरच लागतं. दुसरं काम चोवीस तास चालतं. यकृताला साखर सोडण्यापासून आणि चरबीला वितळण्यापासून आवरून धरणं. चरबी मोकाट वितळायला लागली की कीटोन तयार होतात, आणि ते साठले की रक्त आम्लधर्मी होतं. रात्रीचं लॉन्ग ॲक्टिंग या दुसऱ्या कामासाठी आहे. ते जेवणासाठी नाही. माझं मूल जेवलं नव्हतं म्हणून मी जेवणाशी संबंध नसलेलं इन्सुलिन बंद केलं. आणि तापात तर त्याची गरज वाढलेली होती.

"आता आमच्या घरात ताप, उलटी किंवा अडीचशेच्या वर अडून बसलेली शुगर, यातलं काहीही झालं की कीटोन तपासतो. आमच्याकडे रक्तातले कीटोन मोजणारं मीटर आहे. ०.६ च्या खाली असले तर ठीक, दोन तासांनी पुन्हा बघतो. ०.६ च्या वर गेले की डॉक्टरांना फोन. १.५ च्या वर गेले तर फोन करता करता बॅग भरायची. ३ च्या वर गेले, किंवा उलटी थांबत नाही, किंवा श्वास जोरात चाललाय, तर फोनचीही वाट बघायची नाही, निघायचं. त्या रात्री ते ४.६ होते."

इथे थांबा आणि पाच-दहा सेकंद काहीच बोलू नका. लोक लिहून घेत असतात.

लघवीच्या स्ट्रिपा वापरणारे बरेच जण असतील, त्यांच्यासाठी दोन वाक्यं घाला. लघवीची स्ट्रिप मागच्या काही तासांत मूत्राशयात जमलेलं दाखवते, रक्ताची आत्ताचं. म्हणून कीटोन चढत असतात तेव्हा लघवीची स्ट्रिप मागे राहते आणि उतरत असतात तेव्हाही मागेच राहते. तरी ती नसण्यापेक्षा शंभर पटीने बरी. फक्त डबी एकदा उघडली की हवेतला ओलावा लागून पट्ट्या खराब होत जातात, डब्यावर छापलेली मुदत बाकी असली तरी. म्हणून उघडल्याची तारीख झाकणावर पेनाने लिहायची. तुमच्या कपाटातली ती डबी सोबत न्या आणि दाखवा. दाखवलेली वस्तू लोकांच्या लक्षात राहते.

मग हनिमून सांगा, पण छोटा. पाव युनिट आणि ०.८ हे दोन आकडे सांगा, सकाळच्या शुगर ९८ पासून १४७ पर्यंत कशा सरकल्या ते वाचून दाखवा. त्या पाचव्या महिन्यातल्या आईला घरी गेल्यावर स्वतःची वही उघडून बघता येईल असं काहीतरी हाती लागलं पाहिजे. आणि एक वाक्य स्पष्ट म्हणा: इन्सुलिन कमी लागतंय याचा अर्थ आजार बरा होतोय असा नाही. हे का, तर याच काळात कोणीतरी काढा, पूड, पथ्य घेऊन येतं, युनिट आधीच उतरलेली असतात आणि श्रेय त्या पुडीला जातं. पुढची पायरी असते "आता सुई बंद करून बघा". प्रत्येक गटात असं एक तरी घर मी बघितलंय. नाव घेऊन वाद घालू नका, नुसतं हे वाक्य म्हणा आणि पुढे जा.

प्रश्नोत्तरांत एक प्रश्न हमखास येईल: "पण पोटात काही नसताना इन्सुलिन दिलं आणि खरंच लो गेलं तर?" चांगला प्रश्न आहे, त्याला झटकू नका. पोटाच्या आजारात शुगर जेमतेम ७० आणि कीटोन मात्र वाढलेले, असंही होतं. तेव्हा उत्तर इन्सुलिन बंद करणं हे नसतं, साखरेचं पाणी किंवा फळांचा रस घोट घोट देत राहणं हे असतं, म्हणजे इन्सुलिन देण्याइतकी शुगर हातात राहते. लॉन्ग ॲक्टिंग किती कमी करायचं हे डॉक्टर फोनवर सांगतात; कमी करायला सांगतीलही, पण शून्य नाही. आणि घोटही टिकत नसेल तर ते घरी सांभाळायचं प्रकरण नाही, सलाईन लागतं.

एक मात्र मंचावरून सांगू नका: तुमच्या मुलाला आज कशाला किती युनिट देता ते. हे मी पोळलेल्या तोंडाने सांगतेय. माझ्या पहिल्याच भाषणात मी मोठ्या ऐटीत म्हटलं होतं, "आम्ही पंधरा ग्रॅम कर्बोदकाला एक युनिट देतो." माझी लेक तेव्हा आठ वर्षांची होती. मागच्या रांगेत चार वर्षांच्या मुलीची आई होती. तिच्या मुलीला तीस ग्रॅमला एक युनिट लागायचं, पण तिला वाटलं आपलंच चुकतंय, या बाई इतक्या अनुभवी. दुसऱ्या दिवशी तीस ग्रॅमच्या खाण्याला तिने दोन युनिट दिली. जेवणाआधी शुगर १९० होती. इतक्या लहान मुलीत एक जास्तीचं युनिट शुगर दीडशेने सहज खाली आणतं. तासा-दीड तासाने ती ४१ वर होती, घामाने भिजलेली आणि हाक मारली तर बघत नव्हती. आईने हिरडीला साखर चोळली, मूल वाचलं. तिने मला फोन केला तेव्हा ती रागावलीही नव्हती, ते जास्त लागलं. तुम्ही ७ आणि २४ सांगणार आहात ते किलोच्या हिशेबाने आणि हनिमून समजावण्यापुरतं, त्याला हरकत नाही. कीटोन वाढल्यावर किती जास्तीचं इन्सुलिन दिलं, हे विचारलं तरी सांगू नका. "ते तुमच्या डॉक्टरांकडून आजच लिहून घ्या आणि फ्रिजच्या दाराला लावा," एवढंच म्हणा.

राहता राहिला मुलगा. दहा वर्षांच्या मुलाची गोष्ट त्याला न विचारता सांगायची नसते, आणि "सांगू का?" असं विचारणं म्हणजे विचारणं नव्हे, बाबांना नाही कोण म्हणणार. लिहिलेलं भाषण त्याच्या हातात द्या, सोबत पेन द्या, आणि सांगा, जे नको ते खोड. खोडलेल्यावर वाद नाही. माझ्या लेकीने एकदा अख्खं पान खोडलं होतं आणि फक्त अंथरूण ओलं व्हायचं ते वाक्य उरलं असतं तरी चाललं असतं मला, पण तिने नेमकं तेच सगळ्यात जोरात खोडलं होतं. लक्षणांची यादी गाळा म्हटलं त्याचा दुसरा फायदा हा. मुलांना जे सांगितलेलं आवडत नाही ते बहुतेक त्या यादीतच असतं.

त्या रात्रीबद्दल त्याला आधीच घरी, एकट्याला, सांगून टाका. "तुझी चूक नव्हती" हे तर सांगाच. आजारी पडलेली मुलं मनात भलतंच धरून बसतात, आपण जेवलो नाही म्हणून असं झालं, असंसुद्धा. पण त्याला दुपारी दोनचं गणितही सांगा. दहा वर्षांच्या मुलाला कळतं ते. यापुढे शाळेत किंवा मित्राच्या घरी उलटी झाली तर "माझे कीटोन बघा" हे त्यालाच म्हणावं लागणार आहे. मोठ्या माणसांना ते सुचेलच असं नाही. त्याला हवं असेल तर कीटोनचं मीटर कसं चालतं ते त्याने मंचावर दाखवावं, बोटाला टोचून. नको असेल तर तुमच्या बोटाला टोचू दे. मुलांना ही अदलाबदल फार आवडते.

संयोजकांना सांगा, आशादायक बोलायचं आहे ना, बोलतोय. मात्र भाषण पंधरा मिनिटांचं ठरलं असेल तर दहाच बोला. उरलेली पाच त्या पाचव्या महिन्यातल्या आईला लागतील. ती सगळ्यांसमोर विचारणार नाही, कार्यक्रम संपल्यावर दाराशी गाठेल, तेव्हा लगेच गाडीकडे पळू नका. वहीही तिथेच टेबलावर ठेवा, तिला पान बघायचं असेल.